वाडीतली भजनसंध्या: निमंत्रण लिहिण्याआधी काय काय ठरवायचं

भजनसंध्येचं निमंत्रण लिहायला दहा मिनिटं लागतात. पण त्या आठ ओळींत काय लिहायचं, ते ठरवायला आम्हाला तीन वर्षं लागली. आमची वाडी देवगड पट्ट्यातली, खाडीच्या मुखाशी. अलीकडे बत्तीस घरं आणि खाडीपलीकडे दहा. दरवर्षी कार्तिकात आम्ही एका घराच्या खळ्यात भजन ठेवतो. पहिल्या वर्षी निमंत्रणात नुसतं "सायं. ७ वा. भजन व तीर्थप्रसाद" लिहिलं होतं. बुवा सातला पोचायचं समजून सव्वासातला आले, लोक जेवून आठला आले, आरतीला सव्वादहा वाजले, आणि सहालाच करून ठेवलेला शिरा तोवर इतका घट्ट झाला की उलथन्याने तुकडे करून वाढावा लागला. यातली एकही चूक बुवांची किंवा लोकांची नव्हती. चूक निमंत्रणाची होती.

तेव्हापासून आम्ही उलट्या बाजूने जातो. आधी शेवटची वेळ धरायची, मग मागे मागे येत सगळं ठरवायचं आणि सर्वांत शेवटी निमंत्रण लिहायचं.

दिवस: पंचांग आणि भरती दोन्ही बघा

कोकणात आश्विनाच्या उत्तरार्धापर्यंत पावसाचा भरवसा नसतो, आणि पाऊस गेला की भातकापणी आणि झोडणी सुरू होते. म्हणून कार्तिकाचा दुसरा पंधरवडा आम्हाला बरा पडतो. भात घरात आलेलं असतं, खळं सारवून तयार असतं आणि मुंबईचे चाकरमानी शनिवार-रविवार धरून येऊ शकतात.

तिथी ठरवताना उपवासाचा विचार हवाच. एकादशीला रव्याचा शिरा करून चालत नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत अर्धी वाडी उपाशी असते. त्या दिवशी भजन ठेवायचं तर प्रसाद उपासाचाच करावा, नाहीतर दिवस बदलावा. आम्ही दिवस बदलतो.

भरतीचा मुद्दा मात्र आम्हाला कुणी शिकवला नव्हता. दुसऱ्या वर्षी आम्ही हौसेने शुद्ध त्रयोदशीचा शनिवार धरला. चांदणं छान असेल असा विचार. खाडीपलीकडच्या एका काकींनी ऐकल्या ऐकल्या विचारलं, "त्या दिवशी भरती कधी आसा, ता बघितलंस?" बघितलं नव्हतं. पलीकडची माणसं ओहोटीला वाळूवरून चालत येतात. नाहीतर पुलाचा फेरा चार किलोमीटरचा.

जुनी माणसं याचा हिशोब तोंडी करतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्रयोदशी म्हणजे तेरा, तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे भजन संपून माणसं किनाऱ्यावर येणार तेव्हा नेमकं पाणी काठोकाठ. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, म्हणजे दहाला पाणी चढलेलंच असणार. अष्टमीला सहा, म्हणजे परत जायला सोपं, पण येताना पाणी आडवं. वद्य पंचमी धरली तर पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, त्यानंतर सहा तासांच्या थोडं पुढे सुकती. सातला येताना पाणी उतरत असतं आणि दहाला वाळू उघडी पडलेली असते. चंद्रही तोवर वर आलेला असतो.

आम्ही कार्तिक वद्य पंचमी धरली. हा हिशोब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो आणि आतल्या खाडीत भरती बंदरापेक्षा उशिरा पोचते. त्यामुळे दिवस पक्का करताना जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घ्यावंच. खाडी वाटेत येत नसेल त्यांनी हा भाग सोडून द्यावा. पण तरीने येणारी माणसं असतील तर तिची शेवटची फेरी विचारून ठेवा.

वेळ: दहापासून मागे मोजा

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस, जास्तीत जास्त 15, सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं, पण ते दिवस आधी जाहीर झालेले असतात. आपला दिवस त्यात असेल असं गृहीत धरू नये. दहाच्या आतही ध्वनिक्षेपकाला परवानगी लागतेच. पोलीस ठाण्यात अर्ज आठ-दहा दिवस आधी द्या आणि पोलीस पाटलांना वेगळं सांगून ठेवा.

आता दहापासून मागे या. प्रसाद वाटायला पंचवीस मिनिटं, म्हणजे 9.35 ला वाटप सुरू. आरती आणि मंत्रपुष्पांजलीला पंधरा मिनिटं, म्हणजे 9.20. त्याआधी भजन. आमच्याकडचं संगीत भजन म्हणजे नमन, रूपाचा अभंग, मग दोन-तीन अभंग, गवळण, गजर आणि भैरवी. बुवा आलाप-ताना घेत रंगात आले की एका अभंगाला बारा-पंधरा मिनिटं सहज जातात. सात गोष्टी धरल्या तर पावणेदोन तास झाले. म्हणजे सुरुवात साडेसातला आणि भैरवी सव्वानऊला. भजनाआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, त्यासाठी सव्वासात.

साडेसात ही वेळ दुसऱ्या कारणानेही बसते. कार्तिकाच्या अखेरीस आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दिवेलागण, तुळशीपुढे दिवा, मग चुलीवर भात चढवायचा. सहाचं निमंत्रण दिलं तर बायका येऊच शकत नाहीत, आणि आठचं दिलं तर घरात जेवणं सुरू होतात. सव्वासातला आलेलं माणूस जेवण मागे ठेवून येतं आणि दहाला घरी जाऊन जेवतं. म्हणून प्रसाद थोडा पोटाला आधार देणारा हवा.

भजनी मंडळाला मात्र निमंत्रणातली वेळ सांगायची नाही. त्यांना साडेसहाचं बोलावणं. वाद्यं लावायला अर्धा तास जातोच. बुवांना बोलवायला जाल तेव्हा नारळ-सुपारी घेऊन दोघांनी जावं आणि तीन गोष्टी तिथेच स्पष्ट कराव्यात: पोचायची वेळ, भैरवीची वेळ आणि बिदागी. "सव्वानऊला भैरवी" हे शब्द तोंडाने उच्चारा. रंगलेल्या बुवांना मध्येच थांबवायची वेळ आली तर ती आपली चूक, कारण आधी सांगितलेलं नसतं. दोन बुवांच्या सामन्याची, डबलबारीची हौस असेल तर ती दोन तासांत होत नाही. तिचा कार्यक्रम वेगळा आखावा.

बसण्याची व्यवस्था

खळ्याचं माप घ्या. नजरेने नको, टेपने. आमचं यंदाचं खळं 40 बाय 25 फूट, म्हणजे हजार चौरस फूट. भजनी मंडळाला 12 बाय 10 फूट लागतात: बुवा आणि पेटी मध्ये, पखवाजवाला एका हाताला, मागे टाळकरी आणि झांज. देवाची चौरंग-समई, रांगोळी आणि आरतीला उभं राहायची जागा आणखी पन्नासेक फूट. मधून तीन फुटांची वाट. ती सोडलीच नाही तर प्रसाद वाढणारा मुलगा माणसांच्या डोक्यावरून द्रोण नेतो. राहिले साडेसातशे. मांडी घालून बसलेल्या माणसाला सहा चौरस फूट धरले तर सव्वाशे माणसं बसतात. आमच्याकडे बेचाळीस घरांतून शंभर ते एकशेवीस येतात, म्हणजे जागा पुरते. पुरली नसती तर पडवी मोकळी केली असती. खळ्याबाहेर रस्त्यावर माणसं बसवू नयेत. अंधारात दुचाकी येतात.

देव ओटीवर, भजनी मंडळ पडवीच्या कडेला देवाच्या डाव्या अंगाला तिरपं, आणि माणसं समोर. असं बसवलं की बुवांची पाठ देवाकडे होत नाही आणि माणसांना देव आणि बुवा दोघंही दिसतात.

भजनी मंडळ छपराखालीच हवं, आणि त्याचं कारण दव. कार्तिकात आठ-साडेआठनंतर दव उतरू लागतं, आणि पखवाजाचं कातडं ओल धरलं की सैल पडतं. साडेसातला पेटीशी जुळलेला पखवाज गवळणीला उतरलेला लागतो. कसं कळतं? चाटीवरचा टणक, स्वच्छ बोल बोथट येऊ लागतो आणि पखवाजवाला दोन अभंगांच्या मध्ये सारखी हातोडी काढतो. तसं दिसलं की त्याच्या बाजूचा पंखा बंद करा आणि त्याला भिंतीकडे सरकवा. आणखी एक बारीक गोष्ट: धुमेला लावायला त्याला भिजवलेली गव्हाची कणीक लागते. भाकरी खाणाऱ्या घरात ऐन वेळी तांदळाचं पीठ निघतं, ते चिकटून राहत नाही. मूठभर कणीक आधीच आणून ठेवा.

माणसांवरही दव पडतंच. झावळ्यांचा मांडव असेल तर वर ताडपत्री टाका, नाहीतर नऊ वाजता म्हाताऱ्या माणसांचे खांदे ओले होतात आणि ती उठून जातात. खाली आधी चटया, वर सतरंज्या. सारवलेली जमीन गार असते आणि नुसती सतरंजी ओल खेचते.

खुर्च्या पंधराच ठेवा आणि त्या दोन्ही कडांना. मागे ठेवल्या तर म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, पुढे ठेवल्या तर मागच्यांना दिसत नाही. प्लास्टिकची खुर्ची शेणाच्या सारवणात रुतते, म्हणून पायांखाली फळी घाला. बायका-पुरुष वेगळे बसवायचे का, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. माझं मत विचाराल तर वाट सोडावी आणि ज्याने त्याने ठरवावं. तसंही आपोआप दोन बाजू होतात. चपलांसाठी मात्र दिवा लावलेली वेगळी जागा हवीच, कारण काळोखात चप्पल शोधणारी वीस माणसं दारात अडकली की प्रसाद घेतलेल्यांना बाहेर पडता येत नाही.

माईक तीन पुरतात: बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला एक. टाळ-झांजेला माईक देऊ नये, ते बुवांचे शब्द खाऊन टाकतात. दोनच छोटे स्पीकर, तोंड माणसांकडे आणि थोडं खाली. कर्णे नकोत. शेजारच्या घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्या बाजूचा आवाज कमी ठेवा. वीज गेली तर बॅटरीवरचे दोन दिवे पुरे. खळ्यातलं भजन माईकशिवायही होतं.

प्रसाद

शिरा सव्वाच्या मापाने करायचा ही रीत. आमचा हिशोबही त्यातच बसतो. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, एक किलो तूप, दूध आणि पाणी मिळून साडेतीन ते चार लिटर, आठ-दहा केळी, वेलची आणि थोडे काजू-बेदाणे. यातून साधारण साडेसहा किलो शिरा होतो. मोठ्या डावाने पन्नास ग्रॅम वाढला तर एकशे तीस वाटे. एकशेवीस माणसं धरली तर दहा जास्तीचे. हे दहा उरलेले म्हणून सोडायचे नाहीत. अंथरुणावरची, बाळंतीण घरातली, येऊ न शकलेली माणसं किती आहेत, ते आधी मोजून तेवढे वाटे बाजूला झाकून ठेवायचे.

वेळ महत्त्वाची आहे. नैवेद्य आरतीआधी दाखवायचा, म्हणजे 9.15 ला शिरा तयार हवा. सव्वा किलो रवा मंद आचेवर तुपात खरपूस भाजायला अर्धा तास जातो. दूध-पाणी उकळतं घालून, वाफ आणून, साखर घालून परत वाफ आणायला आणखी वीस-पंचवीस मिनिटं. म्हणून चूल सव्वाआठला पेटवायची. गवळण चालू असताना रवा भाजल्याचा वास खळ्यात येतो आणि लहान मुलं जागी होतात.

घाई केली की दोन चुका होतात. रवा कच्चा राहिला तर शिरा चिकट लगदा होतो. चमच्यावरून सुटत नाही, यावरून ओळखावं. आणि दूध-पाणी गार घातलं तर गुठळ्या होतात, त्या मग काही केल्या फुटत नाहीत. गुठळ्या दिसल्याच तर आच कमी करून कडेने घोटा, पण परत पाणी घालू नका. तयार शिरा पातेल्यातच ठेवून झाकणाखाली कोरडं पातळ फडकं घाला, म्हणजे वाफेचं पाणी शिऱ्यावर ठिबकत नाही. तासाभरापेक्षा जास्त वेळ ठेवला तर तूप थिजू लागतं.

प्रसाद कोण करणार, ते ठरवताना त्या घरी सुवेर-सुतक नाही ना, हे आदल्या दिवशी परत विचारा. तीन घरांची नावं काढून ठेवली तर ऐन वेळी अडचण येत नाही.

वाटप रांगेत उभं करून नको. माणसं बसल्या जागी राहू द्यात. चार मुलं, प्रत्येकाकडे एक ताट, मधल्या वाटेने मागून पुढे वाढत यायचं. पुढून सुरुवात केली की मागची माणसं उठून पुढे येतात. आधी तीर्थ, मग द्रोणात शिरा, त्यावर खोबऱ्याचा तुकडा. हात धुवायला वाटेच्या तोंडाशी पाण्याची बादली आणि तांब्या. द्रोण टाकायला दोन टोपल्या, एक दारात आणि एक गडग्यापाशी.

भजनी मंडळींची सोय वेगळी. आल्या आल्या चहा, मध्ये साडेआठला आणखी एकदा चहा, आणि आरतीनंतर काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव. गाण्याआधी उसळ देऊ नये. पोट जड झालं की बुवांचा आवाज चढत नाही. एकदा आम्ही प्रेमाने दिली होती.

आता निमंत्रण

एवढं ठरलं की मजकूर आपोआप लिहिला जातो. आमचा असा होता:

"॥ श्री ॥
स.न.वि.वि.
कार्तिक वद्य पंचमीस, शनिवारी, वाडीतर्फे भजनसंध्या योजिली आहे.
सायं. ७.१५ गाऱ्हाणे, ७.३० ते ९.१५ भजन, ९.२० आरती, ९.३५ तीर्थप्रसाद. ध्वनिक्षेपक दहाच्या आत बंद होईल.
स्थळ: वाडीतील खालचे घर, खळ्यात. बैठक सतरंजीवर, वडीलधाऱ्यांसाठी खुर्च्या. दव पडते, शाल असू द्यावी.
खाडीपलीकडील मंडळींना रात्री दहाच्या सुमारास सुकती आहे. सोबत बॅटरी असावी.
प्रसाद शिऱ्याचा आहे. घरी आजारी माणूस असल्यास आधी कळवावे, प्रसाद पोचवू.
आपले नम्र, समस्त वाडीकर"

खाली इंग्रजी तारीख आणि दोघांचे फोन नंबर. निमंत्रकांची यादी छापू नका. कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावरून वर्षभर अबोला धरलेली घरं मी बघितली आहेत. "समस्त वाडीकर" मध्ये सगळे येतात.

फोनवरच्या ग्रुपवर हा मजकूर टाका, पण त्यावरच थांबू नका. आमच्याकडे ग्रुपवरचं बोलावणं हे बोलावणं धरत नाहीत. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी दोघांनी घरोघर जाऊन तोंडी सांगायचं. गावकर आणि मानकरी यांच्याकडे सर्वांत आधी, तिथे नारळ घेऊन. तोंडी सांगताना एकच प्रश्न विचारायचा: "किती जण येशात?" त्या बेचाळीस उत्तरांच्या बेरजेवर रव्याचं माप ठरतं. आमची बेरीज यंदा एकशे सव्वीस झाली. दरवर्षी काही जण ऐन वेळी गळतात, म्हणून आम्ही एकशेवीस धरली.

कार्यक्रमाच्या दिवशी गाऱ्हाणं घालायला वाडीतल्या जाणत्या माणसाला आधीच सांगून ठेवा आणि वेळेची आठवण करा. गाऱ्हाण्यात प्रत्येक घराचं, प्रत्येक चाकरमान्याचं नाव आलं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं की आणखी पंधरा मिनिटं कधी गेली ते कळत नाही. मग साडेसातचं भजन पावणेआठला सुरू होतं आणि कापणी गवळणीची होते.

प्रसाद वाटताना खाडीपलीकडच्या मंडळींना पहिल्यांदा वाढा, मागून पुढे यायचा नियम मोडून. त्यांच्यासाठी मधल्या वाटेच्या कडेची एक चटई राखून ठेवली तर शोधायला लागत नाही. दोन तरुण मुलं बॅटऱ्या घेऊन किनाऱ्यापर्यंत सोबत जातात, आणि पलीकडच्या काठावरून बॅटरी दोनदा हलली की परत येतात.